धागा: कोट उघडा, बटण लावलेला की नुसता खांद्यावर? कंटिन्युइटी शीटमध्ये नेमकं काय लिहायचं

पांझराकाठ
राम राम मंडळी. अहिराणी शॉर्टफिल्म करतोय, साधारण अठरा मिनिटांची. सुरतहून आलेला मामा बहिणीच्या घरी येतो, एवढाच प्रसंग. मामाच्या अंगात कोट. दारातून येताना बटण लावलेलं, खाटेवर बसताना तो उघडतो, जेवायला बसताना बाह्यांतून हात काढतो आणि कोट खांद्यावर तसाच ठेवतो. शेवटी तसाच बाहेर ओट्यावर जातो. बाहेरचे शॉट तोरणमाळला, घरातले शिरपूरला, दोन वेगळ्या दिवशी. कॅमेरा एकच, कोटही एकच. एडिट पुण्यात होणार आणि एडिटर सेटवर नसणार.

माझ्या शीटमध्ये कपड्यांच्या रकान्यात सध्या 'राखाडी कोट, पांढरा शर्ट' एवढंच आहे. एडिटर म्हणतो, एवढ्यावर काही जुळणार नाही. मग कोटाबद्दल किती लिहायचं? आणि हे पटकथेत आधीच यायला हवं की शूटिंगच्या वेळी?

सुरती_आप्पा
भाऊ, लिहायचं कशाला? प्रत्येक टेकनंतर मोबाइलवर एक फोटो मार. लागेल तेव्हा फोटो काढ, जुळव, संपलं. लिहीत बसलास तर उजेड निघून जाईल.

क्लॅपवाली
आप्पा, फोटो पाहिजेच, पण फोटोला वेळ कळत नाही. टेक संपल्यावरच्या फोटोत कोट उघडा दिसेल. तो कुठल्या शब्दाला उघडला, उभा असताना की बसता बसता, कुठल्या हाताने, हे त्यात येत नाही. एडिटरला मात्र नेमकं तेवढंच हवं असतं, कारण कट बहुतेक वेळा त्या हालचालीवरच पडतो.

पांझराकाठ, कपड्यांच्या रकान्यात कोटाचा रंग एकदाच लिहा, तो बदलणार नाही. प्रत्येक टेकला तीन गोष्टी लिहा: सुरुवातीला कोट कसा, बदल कुठल्या शब्दावर, शेवटी कोट कसा. तुमच्या सीनचं उदाहरण देते, म्हणजे अंदाज येईल. संवाद माझ्या मनाचे आहेत.

सीन १२, शॉट ३, टेक २
सुरुवात: वरचं बटण लावलेलं, खालचं मोकळं.
बदल: बहीण म्हणते "तू बठ, मंग सांगस." त्यातल्या 'बठ'वर मामा उजव्या हाताने बटण काढतो, गुडघे वाकायच्या आधी.
शेवट: उघडा. डावा पल्ला मांडीखाली दबलेला, उजवा खाटेवर मोकळा पडलेला.

शेवटची ओळ लोक गाळतात आणि तिथेच अडकतात. 'उघडा' म्हणजे एकच अवस्था नाही. उभ्या माणसाचा उघडा कोट दोन्ही बाजूंनी सरळ लोंबतो. त्याने पँटच्या खिशात हात घातला की त्या बाजूचा पल्ला मनगटामागे जातो आणि शर्टाची अख्खी कड दिसते. बसला की एखादा पल्ला मांडीखाली जातो, पुढच्या टेकला जात नाही. मिड शॉटमध्ये एवढा फरक लगेच डोळ्यात भरतो.

डावं-उजवं नेहमी नटाचं लिहा, कॅमेऱ्यातून दिसतं ते नाही. शीटवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'डावा = नटाचा डावा'. उलट बाजूच्या शॉटला कॅमेरा फिरला की पडद्यावरचं डावं-उजवं फिरतं, नटाचं फिरत नाही.

लगीनघाई
आमचं सगळं काम लग्नाचं. नवरदेव हळदीला वेगळा, वरातीत कोटात, मग स्टेजवर कोट काढून. दोन कॅमेरे चालू असतात आणि एडिटला आवाजावरून जुळवतो, कोटाचा त्रास कधी झालाच नाही. दोन कॅमेरे लावा ना, प्रश्नच मिटला.

टाइमलाइन_शिरपूर
लगीनघाई, तुमचे दोन कॅमेरे एकच क्षण टिपतात. एकात कोट उघडा असेल तर दुसऱ्यातही तो उघडाच असणार. इथे कॅमेरा एक आहे. तोच प्रसंग आधी मास्टरमध्ये, मग मामाच्या मिडमध्ये, मग बहिणीच्या बाजूने, असा परत परत करायचा आहे आणि दर वेळी माणूस हात थोडा वेगळा हलवणार. दोन कॅमेऱ्यांनी त्रास कमी होईल हे खरं, पण छोट्या खोलीत दुसरा कॅमेरा पहिल्याच्या फ्रेममध्ये येतो आणि लाइटही दोन्हीकडून एकदम जमत नाही.

पांझराकाठ, आता एडिटच्या टेबलावरून बोलतो. कोटाची अवस्था प्रत्येक शॉटमध्ये सारखीच महत्त्वाची नसते. आधी हे बघा की कुठल्या शॉटमध्ये कॅमेऱ्याला काय दिसतंय.

बहिणीवरचा शॉट मामाच्या खांद्यामागून असेल तर फ्रेममध्ये मामाची पाठ आणि एक खांदा येणार. त्यात बटण लावलंय की नाही हे कळत नाही. त्यामुळे हा शॉट 'बटण लावलेला' आणि 'उघडा' या दोन्ही भागांत मी वापरू शकतो. पण कोट खांद्यावर टाकलेला असेल तर मागूनही कळतं. बाही रिकामी लोंबते आणि हात कोटाच्या बाहेर नुसत्या शर्टात दिसतो. म्हणजे त्या शॉटसाठी अवस्था दोनच, बाही घातलेली आणि बाही न घातलेली. मामाच्या छातीच्या क्लोजमध्ये उलटं आहे. तिथे बाही दिसत नाही, पण कॉलर मानेला चिकटलेली आहे की मागे ओघळली आहे ते स्पष्ट दिसतं.

शीटमध्ये शॉटसमोर 'बटण दिसत नाही' असे तीन शब्द लिहिलेत तर एडिटरला तो शॉट जपून ठेवता येतो. अडचणीच्या वेळी तोच कामाला येतो.

पांझराकाठ
हे कामाचं आहे, कधी डोक्यात आलं नव्हतं. ताई, बदलाचा शब्द लिहिला तरी नट प्रत्येक टेकला त्याच शब्दावर बटण काढेल याची काय खात्री? आमचे मामा हौशी नाटकातले आहेत, दर वेळी नवं काहीतरी करतात.

क्लॅपवाली
खात्री नसते, म्हणून तर मास्टर आधी घेतात. ज्या मास्टरला दिग्दर्शक 'हा चांगला' म्हणतो त्यातला शब्द पक्का धरायचा आणि पुढच्या प्रत्येक शॉटच्या आधी नटाला तो सांगायचा. फक्त एक गोष्ट सांगायची: 'बठ'वर बटण, उजवा हात. पाच गोष्टी एकदम सांगितल्यात तर अभिनय मरतो.

दुसरं म्हणजे जवळचा शॉट बदलाच्या शब्दापासून सुरू करू नका. दोन वाक्यं आधीपासून बोलायला लावा आणि बसून झाल्यावरही थोडं पुढे चालू द्या. बटण काढण्याची अख्खी हालचाल दोन्ही शॉटमध्ये आली पाहिजे.

टाइमलाइन_शिरपूर
ताईंच्या म्हणण्याला जोडून. दोन्ही शॉटमध्ये हालचाल पूर्ण असेल तर हात बटणापाशी पोचतो त्या जागी मी कट मारतो. बघणाऱ्याची नजर हातामागे असते, त्यामुळे खाली पल्ला थोडा वेगळा असला तरी खपतो. पण मास्टरमध्ये बटण लावलेलं आणि मिडच्या पहिल्याच फ्रेमला उघडं असेल तर लपवायला मधे काहीतरी घालावं लागतं. बहिणीचा चेहरा, चुलीवरची भाकरी, दाराशी उभं पोरगं, काहीही चालेल. कोट फ्रेमबाहेर गेलेला दोन-अडीच सेकंद पुरतो. तेवढ्यात मामाने बटण काढलं असेल असं बघणारा आपोआप धरून चालतो. असे दोन-तीन शॉट तुमच्या यादीत मुद्दाम ठेवा.

अजून एक पळवाट आहे. फोर-के शूट केलंत आणि फिल्म फुल एचडीत द्यायची असेल तर ३८४० बाय २१६० ही चौकट १९२० बाय १०८० च्या रुंदीला आणि उंचीला बरोब्बर दुप्पट आहे. मिड शॉट मी आत ओढून छातीपर्यंत आणू शकतो आणि बटण फ्रेमखाली जातं. मात्र फोकस जरा जरी सैल असेल तर आत ओढल्यावर तो उघडा पडतो. म्हणून हे औषध म्हणून ठेवा, जेवण म्हणून नको.

सुरती_आप्पा
आणि शॉट उलटवता येतो की! डावीकडचं उजवीकडे केलं की नजरेची दिशा जुळते, आम्ही करतो.

चाळीसगाव_टेलर
आप्पा, कोटवाल्या माणसाला उलटवू नका. पुरुषाच्या कोटात काज डाव्या बाजूला आणि बटणं उजव्या बाजूला असतात, म्हणजे डावा पल्ला वर येतो. वरचा खिसाही डाव्या छातीवर. शॉट उलटवला की उजवा पल्ला वर येतो आणि खिसा उजवीकडे जातो. बायकांच्या कोटाचे पल्ले तसेच असतात, म्हणून बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. कोट उघडा असेल आणि खिशात रुमाल नसेल तर एखाद्या वेळी खपून जाईल. बटण लावलेला असेल तर अजिबात नाही.

आता कोट कुठला ते सांगा. दोन बटणांचा असेल तर फक्त वरचं लावतात आणि खालचं मोकळं सोडतात, कापड त्याच हिशेबाने कापलेलं असतं. नटाने एका टेकला दोन्ही लावली की कंबरेखाली पल्ला ताणला जातो आणि खालची गोल कड सरळ दिसायला लागते. त्यामुळे 'बटण लावलेला' एवढं लिहू नका, कुठलं बटण ते लिहा. तीन बटणांचा असेल तर जास्तच जपा. आणि कोट नटाला घट्ट असेल तर लावलेल्या बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या पडतात. दुपारच्या जेवणानंतर त्या वाढतात, हे गमतीत सांगत नाही.

पांझराकाठ
दोन बटणांचाच आहे, भाड्याने आणलाय, थोडा सैल आहे. खांद्यावर ठेवल्यावर तो घसरतो ही मोठी डोकेदुखी आहे. मामा भाकरी मोडायला हात उचलतात की डावीकडून खाली येतो.

चाळीसगाव_टेलर
सैल कोट खांद्यावर राहत नाही, कारण त्याच्या खांद्याचं पॅड माणसाच्या खांद्याच्या पुढे जातं आणि वजन बाहेरच्या कडेला पडतं. प्रत्येक खांद्याला आतून एक सेफ्टी पिन लावा. पिन फक्त अस्तरातून आणि शर्टाच्या खांद्याच्या शिवणीतून गेली पाहिजे. वरच्या कापडात गेली की बाहेरून खळी दिसते आणि जवळच्या शॉटमध्ये ती लपत नाही. भाड्याच्या कोटाला अस्तर फाटू द्यायचं नसेल तर अस्तराच्या शिवणीतच धरा. हात फार वर उचलला तर शर्टही ओढला जाईल, म्हणून भाकरीचं ताट थोडं जवळ ठेवा.

हात बाह्यांतून काढतानाचा शॉट असेल तेव्हा पिन नको, अडकेल. तो भाग पिनेशिवाय घ्या आणि कोट नीट बसला की थांबून पिना लावा.

क्लॅपवाली
आणि पिना लावायच्या आधी दोन फोटो, लावल्यावर दोन. तिथेच फरक होतो.

खांद्यावरच्या कोटासाठी शीटमध्ये चार गोष्टी लिहा. कॉलर मानेला टेकलेली आहे की ओघळलेली. बाही दंडाच्या पुढून लोंबते की मागून. दोन्ही खांद्यांवर आहे की एकावर. आणि समोरचे पल्ले किती उघडे, म्हणजे शर्टाचं पहिलं बटण दिसतंय की खिशापर्यंतचा सगळा शर्ट. सगळ्यात जास्त फसवते बाही. नट पाण्याचा तांब्या घ्यायला वाकला की बाही पुढे येते, उठला की तशीच राहते. पुढचा टेक ती मागे असताना सुरू झाला की जुळलं नाही. टेक सुरू व्हायच्या आधी बाही हाताने मागे करायची हे एका माणसाला नेमून द्या. आळीपाळीने करू नका.

कट म्हटल्यावर नटाला हलू देऊ नका. पहिला फोटो समोरून, मग दोन्ही बाजूंनी, मग पाठ, आणि समोरच्या फोटोत पाटी दिसली पाहिजे. नंतरच कोट काढायला सांगा. तुमच्याकडे हे जास्त पाळावं लागेल. तोरणमाळला पहाटे थंडी असेल, पण शिरपूरच्या बंद खोलीत लाइट लागले की डिसेंबरातही माणूस घामाघूम होतो आणि कट ऐकताच कोट काढून खुर्चीवर टाकतो. खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कोटाला मध्यभागी घडी पडते. हँगर ठेवा. आणि टेकच्या दोन मिनिटं आधी कोट चढवा, म्हणजे कापड अंगावर बसतं.

तापीचं_पाणी
मी साउंड करतो, मधेच बोलतो. माइक शर्टाच्या आत लावणार असाल तर बटण लावलेल्या कोटात लेपल माइकवर घासतं आणि उघड्यात घासत नाही. एकाच वाक्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या अवस्थेत असले तर चित्र जुळेल, आवाज जुळणार नाही. शक्य असेल तर वरून बूम घ्या. नाहीतर कोट कसा होता ते माझ्याही नोंदीत येऊ द्या.

पांझराकाठ
घेतलं. आता तोरणमाळ आणि शिरपूरच्या जोडाचं सांगा. बाहेरून मामा दाराशी येतो, ते पहिल्या दिवशी. आत शिरतो, ते दुसऱ्या दिवशी. शेवटी ओट्यावर जातो, ते परत पहिल्या दिवशीच, कारण तोरणमाळला दोनदा जाता येणार नाही.

क्लॅपवाली
म्हणजे खांद्यावर कोट घेऊन बाहेर पडलेला मामा तुम्ही आधी शूट करणार आणि तो खांद्यावर कसा आला हे नंतर. इथे मास्टर पाहून ठरवता येत नाही, आधीच ठरवून ठेवावं लागतं. पहिल्या दिवशी निघायच्या आधी नटाला घरात एकदा बसवून अख्खा प्रसंग करून घ्या, कोट घालूनच. शेवटी तो जसा उठेल तसे फोटो काढा आणि तोरणमाळचा ओट्याचा शॉट त्याच अवस्थेतून सुरू करा. दुसऱ्या दिवशी घरातला शेवटचा शॉट तिथेच पोचवा. दाराच्या चौकटीवर कट आहे, तेव्हा दोन्हीकडून दार ओलांडून घ्या.

शीटवर दोन सीनच्या मधे 'थेट जोड' लिहा. मधे रात्र गेली असेल, काळ उडी मारत असेल, तर कोट कसाही बदललेला चालतो. थेट जोड असेल तर आधीच्या सीनची 'शेवट'ची ओळ पुढच्या सीनच्या 'सुरुवात'मध्ये शब्दशः उतरवायची. स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहू नका, तिथेच 'उघडा'चं 'थोडा उघडा' होतं.

अंमळनेर_लेखणी
पटकथेचं कोणीच बोललं नाही. माझं मत असं की कोटाची अवस्था लेखकाने लिहायलाच हवी. "मामा कोटात येतो" हे अर्धवट आहे. बटण लावून येतो म्हणजे तो अजून पाहुणा आहे, बटण काढतो तेव्हा घरचा होतो, खांद्यावर टाकतो तेव्हा त्याला परत जायचंच नाही. हा सगळा अर्थ कागदावर असला पाहिजे.

टाइमलाइन_शिरपूर
अर्थ आहे हे मान्य. पण प्रत्येक ओळीत कोट लिहिलात तर नटाचे हात बांधले जातात. अवस्था बदलते तेवढ्याच तीन जागा लिहा, बाकी सेटवर. दर पानावर 'कोट अजून उघडाच आहे' असं कशाला?

क्लॅपवाली
मला पटकथेत फक्त बदल लिहिलेला चालतो, पण सीनच्या पहिल्या ओळीत सुरुवातीची अवस्था हवी. तुकड्यातुकड्याने शूट होतं, सीन १२ ज्या दिवशी लागतो त्या दिवशी सीन ११चं पान कोणाच्या हातात नसतं.

अंमळनेर_लेखणी
आणि नटाने चांगल्या टेकला वेगळ्या शब्दावर बटण काढलं तर?

टाइमलाइन_शिरपूर
तर मी चांगला टेक घेतो आणि कोट सोडतो. डोळ्यांत पाणी असलेल्या शॉटमध्ये बटण कोणी बघत नाही.

क्लॅपवाली
मी मास्टरचा तेवढा तुकडा परत घ्यायला सांगते, नव्या शब्दावर. लाइट तसाच असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला पुण्यात बसून बहिणीचा चेहरा शोधावा लागणार नाही.

टाइमलाइन_शिरपूर
दहा मिनिटं मिळाली तर. संध्याकाळी साडेपाचला कोणी देत नाही.

लगीनघाई
म्हणजे आमचंच बरं, नवरदेव कोट कधी काढतो त्याचा आम्हाला काही हिशेब नाही. पण प्री-वेडिंग एकाच कॅमेऱ्यावर करतो आणि त्यात ब्लेझर कधी हातात, कधी खांद्यावर असतो. तिथे पण हे शीट लागेल का?

क्लॅपवाली
गाण्यावर तुकडे जोडणार असाल आणि जागा बदलत असेल तर नाही. एकाच जागी तो चालत येतो, बसतो, ब्लेझर काढतो, असं सलग दाखवणार असाल तर लागेल. हातात असेल तर कुठल्या हातात आणि अस्तर बाहेर की आत, तेही लिहा. अस्तर चमकदार असतं, लगेच दिसतं.

पांझराकाठ
शीटचा नवा तक्ता केलाय: शॉट, टेक, सुरुवात, बदलाचा शब्द आणि हात, शेवट, बटण दिसतं की नाही, पिन आहे की नाही. मामाच्या बाहीसाठी माझा भाचा नेमलाय. एकच राहिलं. ओट्यावर तोरणमाळचा वारा असेल, पल्ले उडतील आणि घरात वारा नाही. दार ओलांडताना ते कसं जुळवायचं?

चाळीसगाव_टेलर
पल्ल्याच्या आतल्या खालच्या कडेला, अस्तराच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक जुनं नाणं टाचून टाका. उडायचं थांबत नाही, पण कमी होतं. दोन्ही दिवस तसंच ठेवा, घरातही, नाहीतर लोंबण्यात फरक पडेल.

टाइमलाइन_शिरपूर
आणि दारातून बाहेर पडतानाचा पहिला सेकंद मामाच्या पाठीवरून घ्या. दार अर्धं लोटलेलं असू दे, वारा लागायच्या आधी मला कट मिळेल.